रेझ्युमेचे मूल्यमापन

उमेदवाराचा रेझ्युमे वाचून त्याला मुलाखतीला बोलवावे की नाही हे ठरवण्याच्या प्रक्रियेला रेझ्युमेचे मूल्यमापन म्हणतात. भरती करणारा व्यवस्थापक अनेकदा केवळ फाइल अपलोड करतो आणि ‘माणूस चांगला आहे का?’ एवढेच विचारतो. पदाचे वर्णन, गटाची अडचण, मागच्या माणसाने काम का सोडले, यांपैकी काहीच तो सांगत नाही. अशा प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर दिले, तर वाचणारा नकळत स्वतःच्या मनातल्या एखाद्या पदासाठी उमेदवाराला तपासत असतो, आणि ते पद व्यवस्थापकाच्या मनातल्या पदाशी जुळेलच याची खात्री नसते.

म्हणून रेझ्युमे उघडण्यापूर्वी निकष ठरवावे लागतात. त्यासाठी व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारला तरी बरेच हाती लागते: नव्या माणसाने पहिल्या सहा महिन्यांत कोणते काम पूर्ण केले म्हणजे निवड योग्य ठरली असे तुम्ही म्हणाल? या उत्तरातून तीन-चार निकष निघतात. त्यांपैकी कोणता नसला तर उमेदवार चालणारच नाही आणि कोणता कामावर रुजू झाल्यावर शिकता येईल, हेही तेव्हाच लिहून ठेवावे. रेझ्युमे वाचल्यानंतर ठरवलेले निकष बहुधा समोरच्या उमेदवाराच्या मापाने बेतले जातात.

नेहमी वापरला जाणारा एक निकष म्हणजे अनुभवाची वर्षे, आणि तोच सर्वांत दुबळ्या निकषांपैकी एक आहे. फ्रँक श्मिट व जॉन हंटर यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधन-संकलनात अनुभवाच्या वर्षांचा पुढील कामगिरीशी सहसंबंध 0.18, तर सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा 0.51 आढळला होता. पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये केलेल्या फेरतपासणीत हे आकडे अनुक्रमे 0.07 आणि 0.42 इतके खाली आले. अनुभवाच्या वर्षांत उमेदवाराने नेमके काय केले, हा निकष वर्षांच्या बेरजेपेक्षा अधिक उपयोगी असतो.

समजा, ग्राहकसेवा विभागाच्या प्रमुखपदासाठी आलेल्या एका रेझ्युमेत असे वाक्य आहे: ‘12 जणांच्या गटाचे नेतृत्व करून तक्रार निवारणाचा कालावधी 40 टक्क्यांनी कमी केला.’ वाक्य वजनदार वाटते, पण त्यात दावा किती आणि पुरावा किती हे वेगळे करावे लागते. कालावधी पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आला की पन्नास मिनिटांवरून तीस मिनिटांवर, हे कळत नाही. त्याच सुमारास कंपनीने नवी संगणकप्रणाली आणली असेल, तर श्रेय कोणाचे हा प्रश्न उरतो. तक्रारी लवकर बंद झाल्या, पण त्याच पुन्हा उघडल्या गेल्या का, हेही कळत नाही; घाईने बंद केलेल्या तक्रारी हा अशा आकड्यांमागचा नेहमीचा दोष असतो. दुसरीकडे, त्याच उमेदवाराने पुढे ‘रोजच्या तक्रारींची सात प्रकारांत विभागणी करून प्रत्येक प्रकारासाठी जबाबदार व्यक्ती नेमली’ असे लिहिले असेल, तर ते आकड्याविनाही अधिक बोलके आहे, कारण त्यातून उमेदवाराने कोणता निर्णय घेतला ते दिसते आणि मुलाखतीत त्याची खोलात जाऊन चौकशी करता येते.

रेझ्युमेत एखादी गोष्ट नसणे आणि ती उमेदवाराला येत नसणे, यांतला फरक सांभाळणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. या उमेदवाराने नव्याने माणसे निवडून गट उभारल्याचा उल्लेख कुठेच नसेल, तर ‘उल्लेख नाही’ अशी नोंद करावी, शून्य गुण देऊ नयेत. दोन नोकऱ्यांमधील खंडालाही हेच लागू पडते. त्यामागे आजारपण, घरातल्या माणसाची शुश्रूषा किंवा कंपनी बंद पडणे, काहीही असू शकते. उलट, सुबक मांडणी आणि नामांकित संस्थांची नावे वाचणाऱ्याचे मत पुरावा पाहण्याआधीच अनुकूल करतात. नावाचाही परिणाम होतो: मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात सारख्याच दर्जाचे रेझ्युमे पाठवूनही गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना कृष्णवर्णीयांची वाटणारी नावे असलेल्यांपेक्षा सुमारे 50 टक्के अधिक प्रतिसाद मिळाला. त्यामुळे नाव, छायाचित्र आणि वय झाकून वाचणे हिताचे ठरते.

व्यवस्थापकाकडून काहीच माहिती मिळाली नाही, तरी उत्तर देता येते. मात्र ते अटींसह द्यावे लागते. वरील उदाहरणात ते असे होईल: ‘चालू असलेल्या गटाची घडी बसवायची असेल, तर या उमेदवाराला मुलाखतीला बोलवावे आणि 40 टक्क्यांचा आकडा कसा मोजला ते प्रथम विचारावे. विभाग शून्यातून उभा करायचा असेल, तर या कागदावर त्याचा पुरावा नाही. गट कसा निवडला होता, हे फोनवर विचारून मगच ठरवावे.’