दोन कॉलमांचा रिझ्युमे पार्सरला का उमगत नाही

नोकरीच्या अर्जासोबत जोडलेला रिझ्युमे आधी पार्सर नावाचा प्रोग्रॅम वाचतो, त्यातून नाव, पदे, तारखा, शिक्षण आणि कौशल्ये वेगळी काढतो आणि जाहिरातीतल्या अपेक्षांशी ती ताडून पाहून एक स्कोअर देतो. रिझ्युमे दोन कॉलमांत मांडलेला असला, त्यात तक्ते किंवा टेक्स्ट बॉक्स असले, तर हे वाचन बिघडते, अशी तक्रार जुनी आहे. या तक्रारीचे मूळ पार्सरच्या आळसात नसून मजकूर फाइलमध्ये साठवण्याच्या पद्धतीत आहे.

सुरुवात कागदापासून झाली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या रेझ्युमिक्स या कंपनीची प्रणाली कागदी रिझ्युमे स्कॅन करून त्यातली अक्षरे ओळखत असे आणि कौशल्ये वेचून डेटाबेसमध्ये भरत असे. पुढे अमेरिकी संरक्षण खात्यानेही नागरी पदांच्या भरतीसाठी ती वापरली. पांढरा कागद घ्या, घडी घालू नका, रेघा आणि कॉलम टाळा, या सूचना त्या काळातल्या आहेत. कॉलम टाळण्याचे कारण तेव्हाही हेच होते, की अक्षर ओळखणे यंत्राला साधले, तरी कोणत्या ओळीनंतर कोणती ओळ वाचायची हा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागतो. पानावरच्या मोकळ्या पट्ट्या शोधून पान आडवे-उभे कापत जाण्याची पद्धत जॉर्ज नेगी आणि शरद सेठ यांनी १९८४ मध्येच मांडली होती आणि तिचेच सुधारित अवतार आजही वापरात आहेत.

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफने स्कॅनरची गरज संपवली, पण हा प्रश्न मात्र कायम ठेवला. पीडीएफ हे मुळात छपाईचे चित्र आहे. अमुक बिंदूवर, अमुक फॉन्टमध्ये, ही अक्षरे उमटवा, एवढ्याच आज्ञा त्यात असतात. ओळ, परिच्छेद किंवा कॉलम या गोष्टी त्यात असायलाच हव्यात असे नाही. कित्येकदा दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून नसते, अंतरावरून ताडावी लागते. वाचनक्रम सांगणाऱ्या खुणा पीडीएफमध्ये घालण्याची सोय २००१ च्या १.४ या आवृत्तीपासून आहे, पण सजावटीच्या साच्यांतून बाहेर पडणाऱ्या अनेक फायलींत त्या खुणा नसतात. मग पार्सर समान उंचीवरची अक्षरे एकत्र करून ओळी बनवतो, आणि कॉलमांमधली मोकळी पट्टी त्याच्या लक्षात आली नाही, तर दोन्ही कॉलम एकमेकांत विणले जातात.

डावीकडे कौशल्ये व शिक्षण आणि उजवीकडे अनुभव, असा एक काल्पनिक रिझ्युमे घेऊ. ओळीने वाचल्यास त्याचा मजकूर असा निघतो:

```
SKILLS EXPERIENCE
Java Software Engineer
Spring Boot June 2019 - March 2023
PostgreSQL Payment gateway, Pune
EDUCATION Junior Developer
B.E., 2016 July 2016 - May 2019
```

एकही शब्द हरवलेला नाही. जाहिरातीत जावा, स्प्रिंग बूट आणि पोस्टग्रेएसक्यूएल मागितले असेल, तर नुसते शब्द मोजणाऱ्या स्कोअरला तिन्ही सापडतात आणि उमेदवाराला पूर्ण गुण मिळतात. बिघाड होतो तो शब्दांच्या नात्यांत. पाचवी ओळ शिक्षणाच्या शीर्षकाने सुरू होत असल्याने तिथून पुढचा मजकूर पार्सरने शिक्षणात टाकला, तर जुलै २०१६ ते मे २०१९ हा काळ नोकरीचा न राहता पदवीचा होतो. खरा अनुभव ६ वर्षे ९ महिने. नोंदला गेला ३ वर्षे १० महिने.

आता स्कोअर पाहू. समजा, कौशल्यांना ५०, अनुभवाला ३० आणि शिक्षणाला २० गुण आहेत आणि अपेक्षा पाच वर्षांची आहे. साठपैकी ४६ महिने भरल्यामुळे अनुभवाचे ३० ऐवजी २३ गुण मिळतील आणि एकूण स्कोअर १०० वरून ९३ वर येईल. ही घसरण किरकोळ दिसते. पण रिक्रूटरने ‘किमान पाच वर्षे’ असा फिल्टर लावला असेल, तर ९३ गुणांचा हा अर्ज यादीत दिसणारच नाही, आणि तो का दिसला नाही हे कोणाला कळणारही नाही. म्हणूनच केवळ स्कोअर चांगला आला म्हणून वाचन बरोबर झाले, असे मानणे मला धोक्याचे वाटते.

टेक्स्ट बॉक्सची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे मजकूरच गायब होऊ शकतो. वर्डची डॉक्स फाइल ही प्रत्यक्षात झिप असते. मुख्य मजकूर `word/document.xml` मध्ये, तर पानाच्या शीर्षपट्टीतला मजकूर `word/header1.xml` सारख्या वेगळ्या फाइलमध्ये असतो. शीर्षपट्टीत नाव आणि फोन नंबर देणाऱ्याचा संपर्क काही पार्सरना सापडत नाही, तो यामुळे. टेक्स्ट बॉक्समधला मजकूर मुख्य फाइलमध्येच असतो, पण एखाद्या परिच्छेदाला टांगलेल्या चित्रवस्तूच्या आत, `w:txbxContent` या घटकात. केवळ वरवरचे परिच्छेद गोळा करणारा प्रोग्रॅम तिथे पोहोचत नाही. वरच्या उदाहरणातली कौशल्ये अशा बॉक्समध्ये असती आणि अनुभवाच्या वर्णनात पुन्हा आली नसती, तर स्कोअर थेट ५० वर आला असता. उलटही घडते. वर्ड २०१० पासून जुन्या आवृत्त्यांसाठी त्याच बॉक्सची पर्यायी प्रतही फाइलमध्ये ठेवली जाते, त्यामुळे आंधळेपणाने सगळे उचलणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती तोच मजकूर दोनदा येतो.

तक्त्यांना सरसकट दोष देणे मात्र योग्य नाही. वर्डमधला तक्ता ओळीमागून ओळ आणि ओळीत घरामागून घर असा साठवलेला असतो. एकाच ओळीची दोन मोठी घरे करून पान विभागले असेल, तर आधी डावे घर पूर्ण आणि मग उजवे, असा वाचनक्रम नीट लागतो. तीच मांडणी दहा ओळींच्या तक्त्यात केली, की पुन्हा विणकाम सुरू होते. कॅम्पस प्लेसमेंटच्या साच्यांत परीक्षा, बोर्ड, वर्ष, टक्के असा जो तक्ता असतो, त्याची अडचण तिसरीच आहे: शीर्षके एकदाच वर येतात, त्यामुळे तक्ता सरळ मजकुरात उतरला की खालच्या ओळींतल्या आकड्यांवर कसलीच ओळख उरत नाही.

तपासणीसाठी पॉपलर या मुक्त संचातली आज्ञा पुरते:

```
pdftotext resume.pdf -
pdftotext -layout resume.pdf -
```

पहिली आज्ञा कॉलम ओळखून वाचनक्रम लावण्याचा प्रयत्न करते. दुसरी पानावरची मांडणी तशीच ठेवते, म्हणजे ओळीने वाचणाऱ्या पार्सरच्या समोर साधारण काय येईल ते दिसते. दोन्हींत पद, कंपनी आणि तारखा एकमेकांजवळ राहिल्या, तर धोका कमी. अर्थात कंपनीचा पार्सर याच पद्धतीने वाचेल याची खात्री नसते. तो वेगळा निकाल देऊ शकतो. म्हणून अर्जाच्या संकेतस्थळावर फाइल चढवल्यानंतर जे रकाने आपोआप भरले जातात, ते तपासणे अधिक खात्रीचे, कारण तिथे त्याच पार्सरचे वाचन समोर असते.

आजचे बरेच पार्सर कॉलममधली पट्टी शोधतात आणि वरच्यासारखा साधा रिझ्युमे बहुधा बरोबर वाचतील. पण पट्टी शोधण्याचीही एक किंमत आहे. एकाच कॉलमच्या रिझ्युमेत पदांची नावे डावीकडे आणि तारखा पानाच्या उजव्या कडेला लावण्याची पद्धत सर्रास आढळते. मधली मोकळी जागा सलग आणि रुंद असली, तर पार्सर त्या तारखांनाच दुसरा कॉलम समजतो, आधी सगळी पदे वाचतो आणि शेवटी सगळ्या तारखा एकत्र वाचतो. पदामागे दोन-तीन ओळींचे पूर्ण रुंदीचे वर्णन असेल, तर ती पट्टी तुटते आणि असे सहसा घडत नाही. तारीख पदाच्याच ओळीत स्वल्पविरामानंतर लिहिली, तर पट्टी तयारच होत नाही.