शर्टाची बाही लांब वाटते? आधी खांदा बघा

दुकानात रोज एक तरी शर्ट असा येतो. बर्डीवरून घेतलेला असतो किंवा घरबसल्या मागवलेला, आणि ग्राहक म्हणतात, "भाऊ, बाही तेवढी इंचभर कमी करून द्या." आम्ही लगेच कात्री उचलत नाही. शर्ट अंगात घालायला सांगतो आणि पहिल्यांदा खांदा बघतो. बरेचदा बाही बरोबरच असते, खांदा मोठा असल्यामुळे ती खाली घसरलेली असते.

हे घरीसुद्धा तपासता येतं. हात बाजूला वर उचला. खांद्याच्या टोकाला जिथे खळगा पडतो, तिथे बोट ठेवून हात खाली करा. शर्टाची खांद्यावरची शिलाई त्या बोटाशी यायला हवी. शिलाई त्याच्यापुढे दंडावर उतरली असेल, तर खांदा मोठा आहे. उलट ती गळ्याकडे ओढली जात असेल आणि हात पुढे केल्यावर पाठ ताणत असेल, तर खांदा लहान आहे. (हल्ली मुद्दाम उतरत्या खांद्याचे सैल शर्ट मिळतात. त्यांना ही परीक्षा लावू नका.)

मागे एक तरुण आला होता. शर्टाचा खांदा १९ इंच, त्याचा स्वतःचा पावणेअठरा. म्हणजे सव्वा इंच जास्त, एका बाजूला पाच सूत. (आठ सूत म्हणजे एक इंच.) कफ मनगटाखाली बरोबर एक इंच उतरत होता. तो कफाकडून इंचभर कापून मागत होता. आम्ही दोन्ही बाह्या उसवल्या, मुंढ्याला वरून पाच सूत आत घेतलं, तो कट काखेकडे निमुळता करत शून्यावर आणला आणि त्याच बाह्या परत बसवल्या. खांदा पाच सूत आत गेला तशी बाहीही पाच सूत वर आली. उरले तीन सूत. त्यासाठी कफाचं बटण अर्धा इंच सरकवलं, कफ मनगटावर अडकून राहायला लागला आणि काम संपलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आधी इंचभर कापलं असतं, तर पुढे खांदा दुरुस्त करताना बाही पाच सूत आखूड झाली असती. कापलेलं कापड परत येत नाही.

खांदा लहान करण्यालाही मर्यादा आहे. एका बाजूला पाऊण इंचापर्यंत आम्ही करतो. त्यापुढे गेलं की खिसा मुंढ्याला चिकटल्यासारखा दिसतो आणि छातीवर कापड अपुरं पडतं. शर्ट एकूणच दोन साइझ मोठा असेल तर मुंढाही खोल असतो. तो वर उचलायला कापडच नसतं, म्हणून असा शर्ट बदलून घेतलेलाच बरा. शिवाय हे काम वेळखाऊ आहे. रेडिमेड शर्टाच्या मुंढ्याला दुमडून दुहेरी टीप मारलेली असते, ती धाग्याधाग्याने उसवावी लागते. घाईत शिलाईलगत कापून टाकलं तर बाहीचे आणखी दोन-तीन सूत जातात. त्यामुळे बाही आखूड करण्यापेक्षा याची मजुरी जास्त आहे, हे आधीच सांगतो.

खांदा लहान पडत असेल तर आमच्याकडे उपाय नाही. रेडिमेडमध्ये शिलाईच्या आत माया जेमतेम सेंटिमीटरभर असते आणि तीही दुमडीत गेलेली असते. सोडायला काही उरत नाही. कुणी "करून देतो" म्हणालं, तर कापड कुठून आणणार ते विचारा.

खांदा बरोबर असून बाही खरोखरच लांब असेल, तर ती कफाकडून कमी होते. कफ काढायचा, बाही कापायची, कफ परत लावायचा. बाही वरच्या बाजूला रुंद असते, म्हणून जास्तीचं कापड चुणीत घ्यावं लागतं. कफावरची चीरही तेवढीच आखूड होते. एक इंचापर्यंत काही कळत नाही. दीड इंचाच्या पुढे चिरेवरचं छोटं बटण कफाला येऊन भिडतं, मग आम्ही नाही म्हणतो. बाही आखूड असेल तर वाढत नाही. ती हाफ करून घ्यावी. नागपूरच्या मे महिन्यात तसंही फुल बाहीचं फारसं काही अडत नाही.

सुती किंवा लिननचा शर्ट एकदा धुऊन मगच आणा, पहिल्या धुण्यात बाही थोडी आटते. चौकडीचा शर्ट असेल तर खांदा घेतल्यावर बाहीच्या रेघा पुढच्या भागाशी पूर्वीसारख्या जुळतीलच असं नाही, हे धरून चला. आणि माप द्यायला येताना रोज घालता तोच बनियन घालून या.