साडेचार नंबर: चष्मा, लेन्स की लेझर?

माझी भाची २२ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचार. चष्मा काढला की जेमतेम २२ सेंटीमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं (१०० ला नंबरने भागा, तेवढे सेंटीमीटर), पुढचं सगळं धूसर. पावसात हेल्मेटमध्ये चष्म्यावर वाफ धरते, म्हणून वैतागून म्हणाली, मावशी, मी आता लेझरच करून टाकते.

लेझर करायचं की नाही हे बरंचसं कॉर्नियावर ठरतं, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक भागावर. लेझर तो भाग मधोमध घासून सपाट करतं. तिची कॉर्निया ५३० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. लॅसिकमध्ये वरची ११० मायक्रॉनची पापुद्र्यासारखी झडप उचलतात, मग साडेचार नंबरसाठी साधारण ६० मायक्रॉन घासतात, खाली उरतात ३६०. किमान २५० तरी उरायलाच हवेत, बरेच डॉक्टर ३०० धरतात, म्हणजे जाडी पुरेशी होती. कॉर्नियाचा नकाशा काढला त्यातही वेडावाकडा फुगवटा नव्हता, तो असता तर लेझरने कॉर्निया आणखी कमजोर होऊन पुढे सरकली असती. पण तरी डॉक्टर नाही म्हणाले! गेल्या वर्षी नंबर पावणेचार होता, आता साडेचार. नंबर अजून वाढतोय, आज घासलं तर दोन वर्षांनी परत चष्मा. वर्षभर अर्ध्याहून जास्त हलला नाही तरच या, असं सांगितलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

तोवर स्कूटरसाठी डेली लेन्स, रोज नवी जोडी घालायची आणि रात्री फेकायची. डब्यावर ४.२५ बघून ती घाबरली, दुकानदाराने चुकीची दिली म्हणून, पण चष्मा डोळ्यापासून १२ मिलिमीटर पुढे असतो आणि लेन्स डोळ्यालाच चिकटते, त्यामुळे तेवढंच काम कमी नंबरात होतं. कॉर्नियाला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो, म्हणून लेन्स घालून झोपायचं नाही म्हणजे नाही. नळाचं पाणीही लावायचं नाही, त्यातला अकँथामीबा कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

घरी मात्र चष्माच, त्यात इन्फेक्शनची भीती नाही. शिवाय चाळिशीनंतर मायनसवाल्यांना जवळचं वाचायला चष्मा काढला की झालं, लेझर केलेल्यांना तेव्हा वाचायचा चष्मा घ्यावा लागतो. लेझरनंतर काही महिने डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात, बहुतेकांचं हळूहळू कमी होतं.

एक गोष्ट तिघांपैकी कशानेच बदलत नाही. डोळ्याचा गोळा लांबट झालेला असतो तो लांबटच राहतो, त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो. लेझर करून नंबर शून्य झाला तरी पडद्याची तपासणी चालू ठेवायची, आणि अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही.