डोळ्यांचे निवडक शार्पनिंग

चेहऱ्याच्या छायाचित्रात डोळ्यांचा तपशील ठळक करणे आणि त्याच वेळी त्वचा मऊ, एकसारखी ठेवणे, या संपादनपद्धतीला निवडक शार्पनिंग म्हणतात. त्यासाठी दोन साधने लागतात. मास्क हा कोणता बदल चित्राच्या कोणत्या भागावर दिसावा हे ठरवतो. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये चित्राचे दोन थर केले जातात : एकात रंग आणि छाया-प्रकाशाचे सावकाश होणारे बदल, तर दुसऱ्यात रंध्रे, केस, पापण्या यांसारखा बारीक पोत. फोटोशॉप, गिंप, अफिनिटी फोटो अशा थर आणि मास्क असलेल्या संपादकांत ही पद्धत वापरता येते.

डोळे धारदार करणे आणि त्वचा मऊ करणे ही दोन कामे परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच वजाबाकी आहे. मूळ चित्रातून त्याचीच धूसर प्रत वजा केली की फक्त बारीक तपशील उरतो. हा तपशील मूळ चित्रात पुन्हा मिळवला की चित्र धारदार होते :

```
शार्प चित्र = मूळ + प्रमाण × (मूळ − धूसर)
```

अनशार्प मास्क नावाचा फिल्टर हेच करतो. त्याचे नाव फिल्मच्या डार्करूममधून आले आहे. तेथे निगेटिव्हवर तिचीच फिकट, मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत ठेवून दोन्हींमधून प्रिंट काढत असत. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये ही वजाबाकी एका स्वतंत्र थरात साठवली जाते. धूसर प्रत खालच्या थरात राहते आणि तपशील वरच्या थरात. म्हणून त्वचेचे डाग खालच्या थरात सारखे करता येतात आणि रंध्रांना धक्का लागत नाही. एवढे समजले की पुढचे सगळे निर्णय एकाच प्रश्नावर येतात : धूसरता किती पिक्सेलची घ्यायची?

मोजमाप

या प्रश्नाचे ठोक आकड्यातले उत्तर बहुतेक वेळा चुकते, कारण चेहरा चौकटीत किती मोठा आहे यावर ते अवलंबून असते. चांगली मोजपट्टी छायाचित्रातच असते. प्रौढ माणसाच्या बुबुळाचे रंगीत वर्तुळ जवळजवळ सर्वांमध्ये सुमारे 12 मिलिमीटर रुंद असते. ते पडद्यावर किती पिक्सेलचे आहे ते मोजले की चेहऱ्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे किती पिक्सेल हे कळते.

24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर, 4000 × 6000 पिक्सेलच्या उभ्या चौकटीत काढलेले नवरीचे छायाचित्र घेऊ. कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, डोळ्यांत काजळ, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी मुंडावळ्या. बुबुळ 150 पिक्सेलचे भरले, तर एक मिलिमीटर म्हणजे साधारण 12 पिक्सेल. रंध्रे आणि त्वचेवरच्या बारीक रेषा मिलिमीटरपेक्षा लहान असतात, म्हणून थर वेगळे करण्यासाठी धूसरतेची 6 ते 8 पिक्सेलची त्रिज्या पुरते. पापणीचा केस मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे या चित्रात जेमतेम एक पिक्सेल जाड. तेव्हा डोळ्यांच्या शार्पनिंगची त्रिज्या 1 ते 1.5 पिक्सेल हवी. दोन्ही कामांत पाच-सहा पटींचा फरक आहे, आणि हे वेगळेपण विसरल्यामुळेच बरीच छायाचित्रे बिघडतात. तपशिलाच्या थराची प्रत काढून ती मास्कने डोळ्यांपुरती ठेवली तरी गणिताने शार्पनिंगच होते, पण ते 8 पिक्सेलच्या त्रिज्येचे. त्याने पापण्या सुट्या होत नाहीत, नुसता डोळ्याभोवतीच्या छाया-प्रकाशातला फरक वाढतो आणि माणूस थकलेला दिसतो.

थर वेगळे करणे

फोटोशॉपमध्ये मूळ थराच्या दोन प्रती काढतात. खालच्या प्रतीवर Gaussian Blur लावतात. रंध्रे नुकतीच नाहीशी व्हावीत, पण ओठ आणि भुवयांचे आकार ओळखू यावेत, एवढीच त्रिज्या. आपल्या उदाहरणात ती 7 पिक्सेल येते. मग वरची प्रत निवडून Image मेनूतल्या Apply Image मध्ये Layer म्हणून खालची धूसर प्रत घेतात. 8 बिटच्या फाइलसाठी Blending: Subtract, Scale: 2, Offset: 128. 16 बिटच्या फाइलसाठी Blending: Add, Invert वर खूण, Scale: 2, Offset: 0. शेवटी या थराचा ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थराशी मिसळण्याची रीत, Linear Light करतात. Scale मधल्या 2 मुळे तपशील निम्मा होऊन साठतो आणि Linear Light तो दुप्पट करून परत मिळवतो. गिंपमध्ये Grain extract आणि Grain merge ही जोडी हेच काम करते. 2018 मध्ये आलेल्या गिंप 2.10 पासून Wavelet-decompose हा फिल्टर दोनऐवजी अनेक थर करून देतो.

काम सुरू करण्याआधी पडताळणी करावी. दोन्ही थर चालू-बंद केल्यावर चित्रात काहीही फरक दिसता कामा नये. दिसला, तर बहुधा बिट-खोलीची सेटिंग उलटसुलट झालेली असते.

त्वचा

खालच्या थरावर लॅसोने कपाळाचा वा गालाचा तुकडा मऊ कडेने निवडून त्यावर 20 ते 25 पिक्सेलचा ब्लर देतात. गालावरची लाली, डोळ्यांखालचा काळसरपणा, मेकअपचे पट्टे यांतले तुटक फरक त्यामुळे विरघळतात. वरच्या थरात रंध्रे जशीच्या तशी असल्याने त्वचा खरी राहते.

पण ब्लर निवडीच्या बाहेरचे पिक्सेलही हिशेबात घेतो. 25 पिक्सेलचा ब्लर चंद्रकोरीला खेटून दिला तर तिचा लाल रंग कपाळात झिरपतो, आणि नथीजवळ दिला तर सोन्याची पिवळट झाक ओठांच्या वर येते. कडेपासून ब्लरच्या त्रिज्येच्या दुप्पट अंतर राखावे : येथे 50 पिक्सेल, म्हणजे चेहऱ्यावर सुमारे चार मिलिमीटर. त्या अरुंद पट्टीत ब्लर न वापरता कमी फ्लोचा क्लोन स्टँप हाताने फिरवावा. केसांची रेषा आणि हनुवटीची कड यांनाही हाच नियम.

मुरूम मात्र दोन्ही थरांत असतो. दोन-तीन मिलिमीटरची लाली खालच्या थरात जाते आणि उंचवट्याची कड वरच्या थरात. नुसत्या वरच्या थरावर हीलिंग ब्रश फिरवला तर कड जाते, लाल ठिपका राहतो. नुसता खालचा थर सारखा केला तर रंग नसलेला फोड उरतो. वरच्या थरावर काम करताना ब्रशची Sample सेटिंग Current Layer असावी, नाहीतर खालचा रंग तपशिलाच्या थरात उमटून चट्टे पडतात.

खालच्या थरात सगळा चेहरा एकदम धूसर करणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. नाकाच्या बाजूची सावली, गालाच्या हाडाचा उठाव, कपाळाची गोलाई हे सगळे याच थरात असते. ते पुसले की रंध्रे असूनही चेहरा सपाट दिसतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत कपाळ, गाल, ओठांभोवतीचा भाग यांच्या छटा मुळातच वेगळ्या असतात. त्या एक केल्या की वर्ण बदलतो आणि समोरची व्यक्ती ती राहत नाही. डाग घालवावा, छटा ठेवावी. हे तंत्राइतकेच माणसाशी प्रामाणिक राहण्याचे काम आहे. आपण काय करतो आहोत हे पाहण्यासाठी अधूनमधून सगळे चित्र पडद्यावर लहान करून बघावे. चेहऱ्याचा उठाव गेला असेल तर तो 100 टक्के झूमवर कळत नाही, लहान चित्रात लगेच कळतो.

डोळे

त्वचेचे काम संपल्यावर सर्व थर एकत्र दिसतील असा नवा थर वर काढतात आणि त्यावर अनशार्प मास्क लावतात : Amount 120 ते 150 टक्के, Radius 1.2, Threshold 0. ब्लेंड मोड Luminosity ठेवला की बदल फक्त उजळपणात होतो आणि कडांना रंगीत किनार येत नाही. मग Alt दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक केले की काळा मास्क तयार होतो आणि शार्पनिंग पूर्ण झाकले जाते. पांढऱ्या मऊ ब्रशने, 20 ते 30 टक्के फ्लो ठेवून, ते हवे तेथेच उघडायचे.

बुबुळातील तंतू, बुबुळाची गडद बाहेरची कड, पापण्यांची मुळे आणि भुवयांचे केस एवढे उघडावे. डोळ्याचा पांढरा भाग झाकलेलाच राहू द्यावा, कारण तेथे लाल शिरा उठून येतात. खालच्या पापणीखालची वळीही तशीच सोडावी. बुबुळातल्या प्रकाशबिंबाची कड जपावी, ती आधीच सर्वांत तीव्र असते आणि तिच्याभोवती काळी रेघ उमटते.

काजळाने एक खास अडचण येते. काळ्या रेघेला लागून उजळ त्वचा असल्यामुळे शार्पनिंगची पांढरी किनार तेथे सर्वांत आधी दिसते, खालच्या पापणीवर खडूची रेघ ओढल्यासारखी. उपाय म्हणजे शार्प केलेल्या थराच्या दोन प्रती ठेवणे. एकीचा ब्लेंड मोड Darken, पूर्ण अपारदर्शक. दुसरीचा Lighten, 30 ते 40 टक्के. दोन्ही प्रतींना तोच मास्क. काळी बाजू पूर्ण धार घेते, पांढरी किनार दबते. या दोन प्रतींत Luminosity सोडावा लागतो, म्हणून रंगीत किनार दिसते का ते एकदा मोठे करून तपासावे.

कमी प्रकाशात काढलेल्या फाइलमध्ये बुबुळाचा अंधारा भाग दाणेदार असतो आणि शार्पनिंग त्या दाण्यांनाही तंतूंइतकेच वाढवते. म्हणून हे दाणे, म्हणजे नॉइज, कमी करण्याचे काम रॉ फाइल उघडतानाच, थर वेगळे करण्याआधी करतात. तेथेच लाइटरूमच्या Masking या स्लायडरने पहिले शार्पनिंग कडांपुरते ठेवता येते. Alt दाबून तो सरकवला की पांढरे दिसेल तेथेच शार्पनिंग लागते. गाल काळे आणि पापण्या पांढऱ्या होईपर्यंत तो न्यावा.

फोकस चुकला असेल तर यातले काहीच कामाचे नाही. फोकस कानावर किंवा नथीवर गेला असेल, तर पापणीचा एक पिक्सेल जाडीचा केस आधीच चार-पाच पिक्सेलमध्ये पसरलेला असतो. 1.2 च्या त्रिज्येला तेथे धरायला कड सापडत नाही, आणि त्रिज्या वाढवली की नुसती जाड किनार मिळते. अर्धवट वळलेल्या चेहऱ्यात जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा थोडा मऊ असेल, तर लांबच्या डोळ्यावर मास्क निम्म्याने कमी उघडावा. दोन्ही डोळे सारखेच धारदार केले की खोलीचा भास मोडतो.

अंतिम आकार

डोळ्यांना दिलेली धार अंतिम आकारात टिकते का हे वेगळे पाहावे लागते. 300 डीपीआयवर 8 × 12 इंचांच्या प्रिंटसाठी आपले चित्र 2400 × 3600 पिक्सेल होते, म्हणजे 1.2 ची त्रिज्या सुमारे 0.7 उरते, आणि ती प्रिंटमध्ये पुरेशी दिसते. मोबाइलवर पाठवायला 1080 पिक्सेल रुंदी केली की बुबुळ 40 पिक्सेलचे होते आणि शार्पनिंग जवळजवळ विरून जाते. तेव्हा आकार लहान केल्यानंतर 0.4 ते 0.5 त्रिज्येचे दुसरे शार्पनिंग द्यावे. थरांसह लहान केलेल्या फाइलमध्ये डोळ्यांचा मास्कही बरोबर लहान होऊन आलेला असतो, तोच या थरावर ओढून घेता येतो.