बाळंतपणानंतरचा थायरॉइडदाह: एकाच आजाराची दोन टोकं

1948 मध्ये न्यूझीलंडमधल्या रॉबर्टन नावाच्या जनरल प्रॅक्टिशनरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक निरीक्षण छापलं. बाळंतपणानंतर काही बायका महिनोन्महिने गळून गेलेल्या असतात, त्यांना थंडी सोसत नाही, केस जातात, आणि थायरॉइडचा अर्क दिला की त्या सुधारतात. थायरॉइड कमी पडली की वाढणारं आणि जास्त झाली की दबणारं टीएसएच हे हार्मोन रक्तात मोजण्याची त्या वेळी सोयच नव्हती. त्यामुळे हे निरीक्षण जवळजवळ तीन दशकं तसंच पडून राहिलं.

मधल्या काळात, 1956 मध्ये, लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की थायरॉइड हळूहळू मंदावणाऱ्या हाशिमोटो आजारात रुग्णाच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे असतात. मग 1976 मध्ये जपानमध्ये अमिनो आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतर तात्पुरती कमी पडणारी थायरॉइड नोंदवली. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या गिन्सबर्ग आणि वॉलफिश यांनी नेमकं उलटं चित्र मांडलं: बाळंतिणीत हार्मोन वाढलेलं, पण गळ्यात दुखत नाही आणि काही आठवड्यांत सगळं आपोआप निवळतं. दोघांनी पाहिलेली ही एकाच आजाराची दोन टोकं होती. 1982 मध्ये अमिनो यांच्या गटाने सरसकट बाळंतिणी तपासल्या, तेव्हा शंभरात पाच-सहा जणींना हा त्रास निघाला.

गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती बाळाला सांभाळून घेण्यासाठी दबलेली असते. बाळंतपणानंतर ती जोमाने परत येते, आणि जिच्या अंगात आधीपासून टीपीओ, म्हणजे थायरॉइडमधल्या हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमविरुद्धची, प्रतिपिंडे आहेत तिच्या थायरॉइडवर तुटून पडते. ग्रंथीत साठवलेलं हार्मोन फुटून रक्तात सांडतं, म्हणून आधी जास्त. साठा संपला आणि पेशी जखमी झाल्या, म्हणून नंतर कमी. पहिला टप्पा साधारण दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात येतो, दुसरा चौथ्या ते आठव्या महिन्यात, आणि बहुतेकींची थायरॉइड वर्षभरात मूळपदावर येते. दोन्ही टप्पे सगळ्यांना दिसत नाहीत. पुष्कळ जणींमध्ये फक्त कमतरताच पकडली जाते, कारण धडधडीचे आठवडे जागरणाच्या नावावर खपून जातात. आपल्याकडे तर त्या सुमारास माहेरचं बाळंतपण आटोपलेलं असतं आणि सहा आठवड्यांची तपासणीही होऊन गेलेली असते, त्यामुळे विचारणारं कोणी उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. प्रसूती जानेवारीत. एप्रिलमध्ये छातीत धडधड, हात थरथरतात, वजन झरझर उतरतं. टीएसएच 0.02, म्हणजे दबलेलं, आणि फ्री टी4 हे थायरॉइडचं हार्मोन थोडं वाढलेलं. इथे घाईने कार्बिमॅझोल ही थायरॉइड दाबणारी गोळी सुरू करणं ही नेहमीची चूक. ते औषध नवं हार्मोन बनणं थांबवतं, आणि इथे तर जुनं सांडतंय. आधी ग्रेव्हज आजार, म्हणजे थायरॉइड खरोखरच जास्त हार्मोन बनवतेय असा आजार, नाही ना, हे पाहायचं: टीएसएच रिसेप्टरची प्रतिपिंडे नाहीत, डोळे पुढे आलेले नाहीत, तर थायरॉइडदाहाकडे कल जातो. अंगावर पाजत असल्याने किरणोत्सर्गी आयोडीनचा स्कॅन टाळतात. दमा नसेल तर धडधडीपुरतं प्रोप्रानोलोल, कमीत कमी मात्रेत. मग दर 4 ते 8 आठवड्यांनी टीएसएच. जूनमध्ये ते 3 येतं. इथे 'बरी झाली' म्हणून तपासणी सोडली की फसलं, कारण ऑगस्टमध्ये तेच 24 आहे, फ्री टी4 खाली गेलंय, बद्धकोष्ठता, उदासपणा. आता लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळीपासून 4 तास दूर, नाहीतर औषध अंगी लागत नाही. साधारण वर्षभराने डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवून पाहतात आणि 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात. पुढचं मूल हवं असेल किंवा ती गरोदर असेल, तर मात्र हा प्रयोग तेव्हा करायचा नाही.

टीएसएच पुन्हा वर गेलं, तर गोळी कायमची समजायची. आणि नाही गेलं तरी फाइल बंद करू नये. ज्यांना कमतरतेचा टप्पा आला, ज्यांचं टीएसएच खूप चढलं किंवा टीपीओ प्रतिपिंडे भरपूर होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची थायरॉइड पुढच्या काही वर्षांत कायमची मंदावते. म्हणून हा आजार होऊन गेलेल्या प्रत्येकीने दरवर्षी एकदा टीएसएच करावं.

ज्यांना अजून काहीच झालेलं नाही, पण टाइप 1 मधुमेह आहे किंवा गरोदरपणात टीपीओ पॉझिटिव्ह आलं होतं, त्यांनी प्रसूतीनंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात टीएसएच मागून घ्यावं. टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या जणींना हा आजार होतो. आणि एकदा होऊन गेला असेल, तर पुढच्या बाळंतपणानंतर तो सुमारे 70 टक्के जणींमध्ये परत येतो, म्हणून दुसऱ्या खेपेला पहिल्याच भेटीत डॉक्टरांना जुना रिपोर्ट दाखवावा.