पाप फिटते कुणापाशी?

पाप, पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांची तुलना करताना सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळायचा असेल तर एक साधे पाप हाताशी धरावे. समजा, एकाने दुसऱ्याचे पाचशे रुपये लुबाडले. आता हिशेब कुणाशी चुकता करायचा: ज्याचे पैसे गेले त्याच्याशी, देवाशी की समाजाशी?

ज्यूंच्या तोरामधील लेवीय ग्रंथाचे उत्तर जवळजवळ सावकारी चोख आहे. घेतलेले परत करावे, वर त्याचा पाचवा हिस्सा द्यावा, म्हणजे पाचशेचे सहाशे, आणि मग मंदिरात मेंढ्याचा बळी द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी माणूस आणि मग देव. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि बळी देण्याची जागाच उरली नाही. प्रार्थना, उपवास आणि पश्चात्ताप यांच्यावर सगळा भार आला. सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहामध्ये मात्र जुना क्रम शाबूत आहे. माणूस आणि देव यांच्यातली पापे योम किप्पूर या वार्षिक प्रायश्चित्तदिनी धुतली जातात, पण शेजाऱ्याविरुद्धचा अपराध त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय धुतला जात नाही.

इस्लाममध्ये तौबा म्हणजे पश्चात्ताप थेट अल्लाहपाशी होते, मध्ये पुरोहित नाही. पाप सोडणे, त्याचा खेद वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय या तिच्या अटी, पण दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल तर तो परत करणे ही चौथी अट येते. ‘सहीह मुस्लिम’ या पैगंबरांच्या वचनसंग्रहातील एका हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण ते सांगितले आहे. तो नमाज, रोजे, जकात यांचे पुण्य घेऊन कयामतीला येतो. पण कुणाला शिव्या दिलेल्या, कुणाचा माल खाल्लेला. त्याचे पुण्य त्या लोकांत वाटले जाते, आणि ते संपले की त्यांची पापे याच्या माथी मारली जातात.

ख्रिस्ती इतिहासात वळणे जास्त आहेत. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापाचे प्रायश्चित्त चारचौघांसमोर होई आणि साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच काही लोक ते म्हातारपणापर्यंत लांबवत. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन रुजवले. कोणत्या पापाला किती उपवास, याच्या याद्याच त्यांनी केल्या. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. पुढे दंडमाफीची पत्रे पैशांवर मिळू लागली. त्यांनी पापाची क्षमा होत नाही, क्षमेनंतर उरलेली शिक्षा कमी होते, हा भेद चर्चने शिकवला होता, पण बाजारात तो टिकला नाही. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या पंच्याण्णव मुद्द्यांपैकी पहिलाच असा, की ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे.

हिंदू धर्मशास्त्राकडे येताना आपल्याकडे फक्त कर्मकांड होते, ही समजूत बाजूला ठेवावी. परक्याच्या घरातून कमी किमतीची वस्तू चोरली, तर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आधी ती परत करायला लावतो आणि मग सांतपन कृच्छ्र सांगतो: एक दिवस पंचगव्य आणि दर्भाचे पाणी, दुसऱ्या दिवशी उपवास. त्याच अध्यायात पाप उघड सांगणे आणि अनुताप हेही शुद्धीचे उपाय आहेत; ‘पुन्हा असे करणार नाही’ म्हणून थांबणारा पवित्र होतो. अडचण वेगळ्याच जागी आहे. कुणाचेही काही बिघडलेले नाही, अशी कृत्येही याच यादीत आहेत, आणि तिथे हिशेब जातीशी होतो.

पुण्याचे पंचहौद प्रकरण हे याचे जवळचे उदाहरण. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक हजर होते. गोपाळराव जोशींनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली, ग्रामण्य उभे राहिले आणि वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. ग्रामण्य म्हणजे नुसती टीका नव्हे, तर जातीचा बहिष्कार. भटजी घरी येत नाहीत, श्राद्ध अडते, सासरचे लोक लेकीला माहेरी पाठवत नाहीत. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले, आणि सुधारकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. चहा पिणे पाप आहे, असे रानड्यांना वाटत नव्हते. त्यांच्याबरोबरच्यांच्या घरी कुचंबणा होत होती.

चर्चेसाठी इथूनच सुरुवात करावी. अनुताप नसताना घेतलेले रानड्यांचे प्रायश्चित्त मनूच्याच कसोटीवर उतरते का? सोबत्यांची कोंडी फोडणे हा त्यामागचा हेतू धरला, तर मिश्ना किंवा तौबेच्या अटी या प्रसंगाला लावता येतील का? आणि इथे नुकसान झाले असेल, तर ते नेमके कुणाचे?