वाचन किती आणि आठवणे किती: अभ्यासातील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवून पाहणे अधिक उपयोगी पडते, हे मत आज ‘ॲक्टिव्ह रिकॉल’ या नावाने विद्यार्थ्यांमध्ये रूढ झाले असले, तरी ते बरेच जुने आहे. फ्रान्सिस बेकन याने 1620 मध्येच नोंदवले होते की, एखादा मजकूर वीस वेळा वाचून जितका सहज पाठ होत नाही, तितका तो दहा वेळा वाचून, मधून मधून न पाहता म्हणून आणि अडल्यावरच पुस्तकात डोकावून होतो. आपल्याकडे दिवेलागणीला म्हटला जाणारा परवचा याच जातीचा. मात्र हाताशी असलेल्या वेळापैकी किती वेळ वाचनाला आणि किती आठवण्याला द्यावा, हा खरा व्यवहाराचा प्रश्न त्यात सुटत नाही.

तो प्रश्न आर्थर गेट्स यांनी 1917 मध्ये प्रयोगाने तपासला. त्यांनी शाळकरी मुलांना निरर्थक अक्षरसमूह आणि छोटी चरित्रे पाठ करायला दिली, एकूण वेळ सर्वांना सारखाच ठेवला आणि कोणी किती वेळाने वाचन थांबवून न पाहता म्हणू लागायचे, एवढेच बदलले. अर्थहीन अक्षरांच्या बाबतीत सुमारे 80 टक्के वेळ आठवण्यात घालवणे फायद्याचे ठरले, तर अर्थपूर्ण मजकुरासाठी साधारण 40 टक्के वाचन आणि 60 टक्के आठवणे हे प्रमाण सरस ठरले. त्यांच्या चाचण्या पाठांतरानंतर लगेच आणि काही तासांनी झाल्या होत्या, त्यामुळे आठवड्या-महिन्यांनंतर काय उरते, हे त्यांतून कळत नव्हते.

ती बाजू हर्बर्ट स्पिट्झर यांनी 1939 मध्ये पुढे आणली. अमेरिकेतील आयोवा राज्यात सहावीच्या 3605 मुलांना त्यांनी माहितीपर लेख वाचायला देऊन वेगवेगळ्या दिवशी चाचण्या घेतल्या. वाचल्याबरोबर ज्यांची चाचणी झाली, त्यांच्या लक्षात पुढे कितीतरी अधिक राहिले. ज्यांची पहिलीच चाचणी उशिरा झाली, त्यांचे बरेचसे विसरून गेलेले होते, आणि जे विसरले आहे ते नुसत्या चाचणीने परत येत नाही. म्हणजे पहिले आठवणे लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

एवढे हाती असूनही पुनर्वाचन मागे पडले नाही, याचे कारण रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 मधील प्रयोगात स्पष्ट दिसते. एका गटाने तोच उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचून पुढची तीन सत्रे तो न पाहता लिहून काढला. पाच मिनिटांनंतर वाचणाऱ्यांना 83 टक्के आणि लिहिणाऱ्यांना 71 टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र हेच आकडे 40 आणि 61 झाले. शिवाय, आठवड्यानंतर आपल्याला बरेच आठवेल, असा सर्वाधिक विश्वास वाचणाऱ्या गटालाच होता. पान ओळखीचे वाटू लागले की विषय आला असे वाटते, आणि ती ओळखच विद्यार्थ्याला फसवते.

या साऱ्याचा अभ्याससत्राच्या रचनेशी कसा मेळ घालता येईल, हे 1875 च्या दख्खनच्या दंग्यांवरील प्रकरणाच्या उदाहरणाने पाहू. पन्नास मिनिटांच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे वाचावे, मग पुस्तक मिटून पंधरा मिनिटे कोऱ्या कागदावर कारणांपासून परिणामांपर्यंतची साखळी लिहावी: कापसाचे उतरलेले भाव, सारावाढ, कर्जरोखे, सुप्यातील पहिला उठाव, 1879 चा शेतकरी संरक्षण कायदा. पुढची पाच मिनिटे पुस्तक उघडून गाळलेले आणि चुकलेले लाल शाईने दाखवावे, आणि उरलेली पंधरा मिनिटे नव्या कागदावर पुन्हा लिहावे. गेट्स यांचे प्रमाण यात जवळपास जसेच्या तसे येते. लाल शाईचा टप्पा वगळू नये, कारण सारावाढीऐवजी दुष्काळ हे कारण लिहून गेले आणि ते दुरुस्त झाले नाही, तर चुकीचीच उजळणी होत राहते. दोन दिवसांनी बसताना सुरुवात वाचनाने न करता कोऱ्या कागदाने करावी.

पहिल्या लिखाणात सुट्या नावांखेरीज काहीच उतरत नसेल आणि एका घटनेतून दुसरी कशी घडली हे सांगता येत नसेल, तर ते आठवण्याचे नव्हे, समजण्याचे अपयश असते. तिथे वाचनाचीच बैठक हवी, पण तीही लागोपाठ नको. रॉसन आणि किंच यांनी 2005 मध्ये दाखवले की, एका पाठोपाठ केलेले दुसरे वाचन लगेचच्या चाचणीत उपयोगी पडते, तर दोन दिवसांनंतरच्या चाचणीत अंतर ठेवून केलेले वाचन सरस ठरते. म्हणून अवघड प्रकरण सोमवारी एकदा सावकाश वाचावे, दुसरे वाचन आठवडाभराने ठेवावे, आणि त्या दुसऱ्या वाचनालाच जोडून कोऱ्या कागदाची बैठक घ्यावी.